एकही बाण नसलेला ठिपका

चंद्रकांता तामोरे यांच्या नाकावर राग असतो, हे पालघरच्या त्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. का असू नये, ते मात्र कुणी विचारत नव्हतं. बाई तर्कशास्त्रात एम.ए., नेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या, आणि इतकं सगळं होऊनही दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायच्या. तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं राहिलं तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. आणि मार्चनंतर त्या कॉलेजशी त्यांचा संबंध नाही असं समजायचं. कायम पदाची जाहिरात दोनदा निघाली आणि दोनदा मागे घेतली गेली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा त्या जागेवर डॉ. प्रणव सावे आले. वयाने बाईंपेक्षा बरेच लहान आणि आल्या दिवसापासून विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर बाईंना रागवायला सोपं गेलं असतं.

बाई शिरगावच्या. भाऊ बोटीवर, भावजय किल्ल्याच्या बाजूच्या वाळूत बोंबील सुकवते, आणि बाई त्या घरातली एकटी बिनलग्नाची, सकाळी शेअर रिक्षातून पालघरला जाणारी. मांडीवर फळ्याचे खडू आणि शेजारी बाजाराला निघालेल्या बायकांच्या टोपल्या. कॉलेजात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. राग चढला की मात्र तोंडी शिरगाव यायचं, आणि मुलं सावध व्हायची.

एम.ए. पहिल्या वर्षाला मुलं पाच. त्यांना मोडल लॉजिक शिकवायचं, म्हणजे "असं आहे" याच्या पलीकडे जाऊन "असं असलंच पाहिजे" आणि "असं असू शकतं" यांचा हिशेब कसा करायचा ते शिकवायचं. पुस्तकात त्यासाठी दोन खुणा आहेत. अनिवार्यला चौकोन आणि शक्यला टोकावर उभा केलेला चौकोन. कमलेश नावाचा विक्रमगडकडचा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता की दुसरी खूण शंकरपाळ्यासारखी दिसते. बाईंनी डोळे वटारले, पण त्या दिवसापासून वर्गात सगळे तिला शंकरपाळाच म्हणायला लागले. पुढे बाईसुद्धा.

त्यांनी फळ्यावर तीन ठिपके काढले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक जग. जग म्हणजे चंद्र नाही, मंगळ नाही, त्यांनी दटावलं. जग म्हणजे सगळं कसं असू शकतं याची एक पूर्ण मांडणी. तिच्यात प्रत्येक वाक्य एकतर खरं असतं नाहीतर खोटं, मधलं काही नाही. मग एक वाक्य घेतलं, "बोंबील सुकलेत". पहिल्या ठिपक्यात आत्ताची स्थिती, बोंबील ओले. दुसऱ्यात कडक ऊन पडलंय आणि बोंबील सुकलेत. तिसऱ्यात आभाळ आलंय आणि बोंबील ओलेच. पहिल्या ठिपक्यातून दुसऱ्याकडे एक बाण काढला, तिसऱ्याकडे एक. बाण म्हणजे या जगातून ते जग विचारात घेता येतं, तिथवर पोच आहे. बोईसर स्टेशनच्या बाहेरून सरावलीची रिक्षा मिळते, तसं. आणि ज्या ठिकाणची रिक्षाच लागत नाही, ते ठिकाण जगात कुठेतरी आहे म्हणून तुम्हाला काही उपयोग नाही.

आता नियम. एखादं वाक्य इथे शक्य आहे, म्हणजे इथून निघणाऱ्या निदान एका बाणाच्या टोकाला ते खरं आहे. इथे अनिवार्य आहे, म्हणजे इथून निघणाऱ्या प्रत्येक बाणाच्या टोकाला ते खरं आहे. पहिल्या ठिपक्यावर उभं राहून बघा. बोंबील सुकणं शक्य आहे, कारण दुसऱ्या जगात ते सुकलेत. अनिवार्य नाही, कारण तिसऱ्यात ओले आहेत. मग त्यांनी तळव्याने तिसऱ्याकडचा बाण पुसला. आता फक्त दुसरा उरला. आता सुकणं पहिल्या ठिपक्यावर अनिवार्य झालं.

"पण मॅडम, पयल्या ठिपक्यात तर बोंबील ओलेच हायत," हेमाली म्हणाली.

हेमाली सरावलीची. बाप दामू, एमआयडीसीत कंत्राटदाराकडे ड्रम धुणारा, आई घरी. पोरगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि आठवड्यातून एकदा तोंड उघडायची. बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांना राग यायची सवय असली तरी आनंदसुद्धा होत असे, आणि तो झाला की त्या खडू खाली ठेवत. बरोबर, त्या म्हणाल्या. जे अनिवार्य ते इथे खरं असलंच पाहिजे असं आपल्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या ठिपक्यातून बाण निघून पुन्हा त्याच ठिपक्यावर आला असता, तर ते लिहिल्यासारखं झालं असतं. प्रत्येक जग स्वतःला पोचतं, अशी अट घातली की मग जे अनिवार्य ते खरं. अट नाही घातली तर नाही. तुम्हाला जे उघड वाटतं ते सगळं बाणांवरच्या कुठल्यातरी अटीत लपलेलं असतं, आणि ती अट आधी बोलून दाखवायची असते. न बोललेली अट ही अट नसते.

मग त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब, एक ठिपका काढला. त्यातून एकही बाण नाही. इथे "बोंबील सुकलेत" अनिवार्य आहे का, विचारलं. मग त्यांनी आपल्या आईची टोपली आणली उदाहरणाला. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. सगळा माल खपला, टोपली रिकामी. ती म्हणाली, माझ्या टोपलीतले सगळे मासे ताजे आहेत, तर खोटं ठरवायला काय लागेल? एक शिळा मासा. दाखवा. नाही दाखवता येत, कारण मासाच नाही. म्हणून "सगळे ताजे" हे खरं. आता ती म्हणाली, टोपलीत निदान एक ताजा मासा आहे, तर? तो तिने दाखवायला हवा. तोही नाही. म्हणून ते खोटं. या ठिपक्याचं तसंच. बाणच नाही, तर ज्याच्या टोकाला वाक्य खोटं पडतं असा बाण कुठून आणणार? म्हणून इथे प्रत्येक वाक्य अनिवार्य. आणि ज्याच्या टोकाला खरं ठरतं असा बाणही नाही, म्हणून काहीही शक्य नाही.

"जिथून कुठेच जाता येत नाही तिथे सगळंच अनिवार्य असतं आणि काहीच शक्य नसतं," बाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, आवाज जरा चढला. मुलांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

परीक्षा एप्रिलात झाली. पेपर सावे सरांनी काढला आणि सावे सरांनीच तपासला, कारण पेपर तपासणं हे कायम माणसाचं काम. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमाली शिरगावला आली. रिक्षातून उतरून विचारत विचारत घरापर्यंत, आधी कधी आली नव्हती. ती नापास झाली होती, एका विषयात, याच विषयात, आणि ज्या प्रश्नामुळे झाली तो तिने पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. "जे अनिवार्य आहे ते शक्य असतेच. हे विधान ग्राह्य आहे का? सकारण लिहा." ग्राह्य म्हणजे कुठल्याही ठिपक्यावर खरं. तिने लिहिलं होतं, नाही. एक ठिपका काढला होता, एकही बाण नसलेला, आणि खाली दोन वाक्यांत कारण दिलं होतं. उत्तरपत्रिका बघायला मिळाली तेव्हा त्यावर लाल पेनने फुली आणि शून्य.

घरचं काय, बाईंनी विचारलं. हेमालीने मान खाली घातली आणि सांगितलं. बापाने तिला दोन वर्षं शिकू देतो म्हटलं होतं, पण एका अटीवर, नापास झाली की बास. कंत्राटदाराच्या ओळखीने एका कंपनीत बाटल्यांना लेबल लावायच्या लाइनवर जागा होती, आणि बापाने कालच शब्द देऊन टाकला होता. सोमवारपासून जायचं. बापाशी भांडली का, तर नाही. बापाने आपली अट आधी सांगितली होती, ती म्हणाली, आता मी काय भांडू.

बाईंची भावजय चहा घेऊन आली तर बाई पायात चपला घालून उभ्या होत्या. रविवार आहे, कॉलेज बंद आहे, भावजय म्हणाली. बाईंनी चपला काढल्या आणि पुन्हा घातल्या. त्या दिवशी घरातलं कुणी त्यांच्याशी नीट बोललं नाही, कारण बोलायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या विभागात शिरल्या तेव्हा सावे सर पंख्याखाली बसून कुठल्यातरी परिषदेचा निबंध वाचत होते. सर बसा म्हणाले तरी बाई बसल्या नाहीत, त्यांनी हेमालीची उत्तरपत्रिका मागितली. सरांनी काढून दिली, नमुना उत्तरही दिलं, तक्रारीला जागा नाही अशा शांतपणे. नमुना उत्तर फार सुबक होतं. जे अनिवार्य ते पोच असलेल्या सगळ्या जगांत खरं. जे सगळ्यांत खरं ते निदान एकात खरं. निदान एकात खरं म्हणजेच शक्य. सिद्ध.

बाईंनी ते वाचलं आणि त्यांना अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. कारण चूक एकच होती आणि ती दुसऱ्या ओळीत होती. सगळ्यांत खरं म्हणून निदान एकात खरं, हे तेव्हाच, जेव्हा निदान एक जग असतं. टोपली रिकामी नसते तेव्हा. त्यांनी ते सांगितलं.

सर हसले, वाईट नाही, समजावणीच्या सुरात. त्यांचा प्रबंध कर्तव्याच्या तर्कशास्त्रावर होता. तिथे चौकोनाचा अर्थ "हे केलंच पाहिजे" आणि शंकरपाळ्याचा अर्थ "हे करायला मुभा आहे". तिथे प्रत्येक जगातून निदान एक बाण निघतोच, अशा जगाकडे जिथे सगळेजण आपापलं कर्तव्य पार पाडतात. तसं नसेल तर एकाच गोष्टीची सक्तीही आहे आणि मुभाही नाही, असं विचित्र होऊन बसेल. इतकी वर्षं ते त्या बाणांच्या जगात राहिले होते की निदान एक बाण असतो ही अट आहे, हेच त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. तर्कशास्त्राचाच माणूस अशी चूक करू जाणे. मासळीवाली करणार नाही, तिला रिकामी टोपली रोज दिसते.

बाई म्हणाल्या, ती तुमची पद्धत, सर. आम्हाला पहिल्या वर्षाला मूळ पद्धत आहे, बाणांवर काहीही अट नसलेली. अभ्यासक्रमात तसं लिहिलंय. सर म्हणाले, इतकं सगळेच गृहीत धरतात मॅडम. बाकीच्या चार जणांनी बरोबर लिहिलंय, परीक्षेआधी मी वाटलेल्या नोट्समध्ये आहे तसं. आणि मग त्यांनी जरा थांबून विचारलं, पुढच्या वर्षीच्या तासांसाठी अर्ज केलात ना?

हे त्यांनी धमकी म्हणून विचारलं की सहज, ते मला सांगता येणार नाही. बाईंना ते धमकीसारखंच लागलं, आणि धमकी म्हणून लागलं हेच पुरे. एरवी अशा वेळी त्या मूग गिळून बाहेर आल्या असत्या. दरवर्षी जूनकडे डोळे लावून बसायचं तर मार्चपासून तोंड सांभाळावं लागतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर त्या पोरीची खाली गेलेली मान होती, आणि सोमवार उजाडला होता. त्या तिथून निघाल्या त्या थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

प्राचार्य दीपिका चुरी रसायनशास्त्राच्या. त्यांना चौकोन आणि शंकरपाळा यांतलं काही कळत नव्हतं, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. सावे सरांनाही बोलावून घेतलं. बाईंनी टेबलावरचं एक रद्दी पाकीट ओढलं, त्याच्या पाठीवर ठिपका काढला आणि पेन सरांच्या हातात दिलं.

"या ठिपक्यावर 'बोंबील सुकलेत' हे अनिवार्य नाही असंच तुम्हाला म्हणावं लागेल ना, सर? मग एक बाण दाखवा, ज्याच्या टोकाला ते खोटं आहे."

सर म्हणाले की बाणच नाही. मग अनिवार्य आहे, बाई म्हणाल्या, आता ते शक्य असल्याचा बाण दाखवा. सरांनी पेन टेबलावर ठेवलं. ते हुशार होते. त्या क्षणी त्यांना कळलं होतं, बाईंनी ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. कळूनही ते म्हणाले की असलं जग कागदावर काढायला ठीक आहे, पण कुणाच्या उपयोगाचं नाही, तिथे कोण राहतं?

"मी रातंय," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "किती वर्सं झाली, मी तिथंच रातंय. तुमी सांगाल ते सगळं मला करायलाच लागतं, आनि मला म्हणून जमण्यासारखं कायबी नाय."

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाईंनी घेतला नाही. त्यांना स्वतःचाच संताप आला होता, कारण जे बोलल्या ते खरं असलं तरी युक्तिवाद म्हणून फुकट होतं. त्या ठिपक्यावर कुणी राहो न राहो, सरांचं विधान तिथे पडतं म्हणजे पडतं. ते सिद्ध करायला कुणाच्या दुःखाची गरज नव्हती, आणि त्यांनी आपलं दुःख असं टेबलावर पाकिटाशेजारी मांडून ठेवलं होतं.

प्राचार्यांना दुःख कळलं, ठिपका नाही. त्यांनी कारभारी माणसासारखा निर्णय दिला. प्रश्नात अट स्पष्ट नाही, म्हणजे प्रश्न सदोष. सदोष प्रश्नाला पाचही मुलांना पूर्ण गुण. कुणाचं नुकसान नाही, कुणाची चूक नाही. सरांनी लगेच मान डोलावली. बाईंनीही डोलावली, हे सांगायला हवं. हेमाली पास होत होती, लेबलची लाइन टळत होती, आणखी काय पाहिजे? दारातून बाहेर पडताना त्यांना मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं, आणि वाटेत जिन्यावर दर पायरीला ते वाटणं कमी कमी होत गेलं.

हेमाली खाली नोटीस बोर्डापाशी उभी होती, कमलेशही होता. त्या दिवशी ती लेबलच्या लाइनवर गेली नव्हती, बापाला पोट दुखतंय सांगितलं होतं. बाईंनी निर्णय सांगितला. कमलेशचा चेहरा खुलला, त्याचे गुण तर होतेच, तरी मैत्रीण पास झाली म्हणून. हेमालीचा खुलला नाही.

तिने विचारलं, कमलेशने तर "ग्राह्य आहे" लिहिलं होतं, त्यालाही गुण का. बाई म्हणाल्या, हो, त्यालाही पूर्ण.

"मंग माझं बरोबर हाय का नाय?"

बरोबर आहे, बाई म्हणाल्या. हेमाली म्हणाली, मग मला सगळ्यांबरोबर वाटलेले गुण नकोत, सरांनी तोंडाने सांगितलं पाहिजे. आवाज अजिबात वर गेला नव्हता, पण कानशिलं लाल झाली होती. त्यावर चंद्रकांता तामोरे यांनी, ज्यांच्या रागाला सगळं कॉलेज बिचकून होतं, त्यांनी तिला काय सांगितलं? सोड. पास झालीस, घरी जा, बापाला दाखव. सरांच्या हातात पुढचं वर्ष आहे तुझं. वाकड्यात शिरू नकोस.

पोरीने बाईंकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो सरांवरचा नव्हता. न बोललेली अट ही अट नसते असं तुमी शिकवलं, ती म्हणाली, आणि जिना चढायला लागली. बाई दोन पायऱ्या खाली राहिल्या. आपण सरांची जागा घेतली होती, ती गृहीत धरणारी, पास झालीस तर गप्प राहायचं अशी गुपचूप अट घालणारी, हे त्यांना तिथे उभं राहून कळलं, आणि ते इतकं झोंबलं की त्या तिच्या मागे धावतच वर गेल्या. कमलेशही मागोमाग.

सावे सर खुर्चीत बसून डबा उघडत होते. हेमालीने आत यायची परवानगी मागितली. आत गेल्यावर तिने फळ्यावर, आधी कुणीतरी अर्धवट पुसलेल्या अक्षरांच्या मधोमध, एक ठिपका काढला.

"सर, बाण दाखवा."

सर म्हणाले, तू पास झालीस ना आता? ती ठिपक्याजवळून हलली नाही. दारात चंद्रकांताबाई उभ्या होत्या, मागे कमलेश. सरांनी डब्याचं झाकण लावलं. ते उठून फळ्यापाशी आले आणि ठिपक्याकडे बघू लागले, जणू एखादा बाण पुसट तरी दिसेल.

"नाही बाण," ते म्हणाले. "तुझं उत्तर बरोबर आहे. माझं चुकलं."

हेमालीने खडू जागेवर ठेवला. मग विचारलं की प्रत्येक जगातून निदान एक बाण निघतो, ती तुमची पद्धत आम्हाला कधी शिकवणार. सर म्हणाले, दुसऱ्या वर्षाला, पहिल्या सहामाहीत.

"मंग सवाल पण तेवाच विचारा," ती म्हणाली आणि बाहेर पडली. जाताना बाईंकडे बघितलं नाही.

जूनमध्ये तासांची यादी लागली. मोडल लॉजिक, दोन्ही वर्षांचं, सावे सरांच्या नावावर गेलं होतं. बाईंना बी.ए. पहिल्या वर्षाचं जुनं तर्कशास्त्र मिळालं, सकाळी सातचे तास, आठवड्यातून थोडके. शिरगावहून त्या वेळेला रिक्षा भरतच नाही, सगळ्या सीटांचे पैसे एकटीने मोजावे लागतात. त्यांनी यादी वाचली आणि भावजयीला सांगितलं की हा माणूस वाईट नाही. भावजय म्हणाली की मग वाईट माणसं काय वेगळं करतात.

एके दिवशी सकाळचा तास संपवून त्या कॉलेजच्या फाटकातून निघाल्या, तर समोरून हेमाली आली. त्या दिवसानंतर दोघी नीट बोलल्या नव्हत्या. हेमाली थांबली. बाईही थांबल्या. काय विचारावं ते सुचेना म्हणून बाईंनी विचारलं, सरांनी पहिल्या तासाला काय घेतलं. हेमाली म्हणाली, सरांनी आधी फळ्यावर अट लिहिली. प्रत्येक जगातून निदान एक बाण. मोठ्या अक्षरांत, आणि खाली रेघ मारली. मग म्हणाले, ही अट काढली तर पुढचं सगळं पडेल, आणि ते मला तुमच्यातल्याच एकीने शिकवलं.

"एकीने?" बाई म्हणाल्या.

"मी हात वर केला, मॅडम," हेमाली म्हणाली. "म्हटलं, एकीनं नाय सर. दोघींनी."

बाईंना पुन्हा राग आला, सरांचा, यादीचा, सकाळच्या सातचा, आणि सगळ्यात जास्त त्या जिन्याखाली उभ्या राहिलेल्या स्वतःचा. त्या रागातच त्यांनी पिशवीत हात घातला आणि वर्गातून उरलेला अर्धा खडू हेमालीच्या हातात ठेवला. हेमाली वर्गात गेली. बाई रिक्षा स्टँडवर येऊन शिरगावची रिक्षा भरायची वाट बघत बसल्या.